कोण कुणाशी कोणत्या भाषेत बोलतं?
(तरुण लेखकांच्या संवादलेखन कार्यशाळेत दिलेलं व्याख्यान)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसा कोड लिहितो आणि रात्री एकांकिका, शॉर्ट फिल्मचे संवाद. आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. आपली माणसं घरात दखनी बोलतात, बाहेर मराठी बोलतात, कामावर इंग्रजी शब्द वापरतात आणि मोबाईलवर हिंदी ऐकतात. ही सरमिसळ कागदावर उतरवताना ती खोटी का वाटते, आणि खरी वाटावी म्हणून नेमकं काय करायचं?

पडद्यावरचा मुसलमान तुम्ही पाहिलेला आहे. गोष्ट साताऱ्यात घडो नाहीतर लातुरात, तो 'हम आपको बताते हैं' असं लखनवी बोलतो, किंवा मोडकं मराठी बोलून लोकांना हसवतो. पिढ्यान्‌पिढ्या मिरजेत राहिलेला माणूस मिरजेचंच मराठी बोलेल, हे लेखकाला सुचतच नाही. पण आपण लिहितो तेव्हाही वेगळी चूक होते. आपल्याला तिन्ही भाषा येतात, म्हणून प्रत्येक पात्राच्या प्रत्येक वाक्यात आपण तिन्ही भाषा थोड्या थोड्या टाकतो. मग आजी, बाप, मुलगी, सगळे एकाच माणसासारखे बोलू लागतात. तो माणूस म्हणजे आपण.

हे सगळं एका उदाहरणावर बघू. मिरजेतलं एक कुटुंब मी कल्पनेनं उभं केलंय. दादी पंच्याहत्तरीची, शाळेत न गेलेली. तिचा मुलगा रशीद, ५२ वर्षांचा, एसटीत कंडक्टर. रशीदची मुलगी अंजुम, २६ वर्षांची, मराठी माध्यमात शिकून पुण्यात आयटीत नोकरी करणारी. तिचा भाऊ फैसल, कॉलेजात. आणि शेजारचे जाधवमामा. आजोबांच्या नावावर गावाकडे थोडी जमीन आहे. ती रशीदच्या नावावर व्हावी म्हणून त्याची बहीण मुमताज हिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यायचं चाललंय. अंजुम सुट्टीवर घरी आली आहे आणि तिला हे पटत नाही. एवढीच गोष्ट.

पहिलं काम म्हणजे तक्ता करणं. बहुतेक जण पात्रांची यादी करतात आणि पुढे लिहितात: दादी – दखनी, अंजुम – मराठी आणि इंग्रजी. याचा फारसा उपयोग होत नाही, कारण माणसाला एकच भाषा नसते. भाषा ठरते ती दोन माणसांमध्ये. म्हणून तक्ता जोड्यांचा करायचा. पाच पात्रं असली तर दहा जोड्या होतात. त्यातही दोघं एकमेकांशी एकाच भाषेत बोलतील असं नसतं. दादी फैसलशी दखनीत बोलते आणि तो मोबाईलवरच्या हिंदीत उत्तर देतो, हे आपण रोज ऐकतो. म्हणून दोन्ही दिशा धरायच्या, म्हणजे वीस रकाने होतात. कोण, कुणाशी, एरवी कोणत्या भाषेत. अर्ध्या तासाचं काम आहे.

आमच्या कुटुंबात हा तक्ता असा भरला. रशीद आईशी आणि मुलांशी दखनीत बोलतो. जाधवमामांशी मिरजेच्या मराठीत: "काय नाय ओ मामा, जमिनीचं कागद करायलोय." या वाक्यात तो मुसलमान आहे हे दाखवणारा एकही शब्द नाही, आणि तसा तो घालायचाही नाही. ऑफिसात, साहेबांपुढे रशीद तिसरंच बोलतो. 'नियमाप्रमाणे', 'त्रुटी', 'लेखी द्या' असे शब्द असलेलं कागदी मराठी. म्हणजे नुसतं 'मराठी' लिहून भागत नाही, कोणतं मराठी तेही रकान्यात लिहावं लागतं. अंजुम बापाशी आणि दादीशी दखनीत बोलते, फोनवर टीममधल्या लोकांशी इंग्रजी शब्द भरलेल्या पुणेरी वळणाच्या मराठीत: "डिप्लॉयमेंट उद्या सकाळी ठेवूया, आज रात्री टेस्ट करायला कोणीच नाहीये." फैसल मित्रांना 'भावा' म्हणतो आणि बहिणीला म्हणतो, "आपा, टेन्शन नक्को ले."

दुसरं काम वाक्याच्या आतलं आहे. भाषा मिसळताना वाक्याचा सांगाडा एका भाषेचा असतो आणि शब्द दुसऱ्या भाषेतून येऊन त्यात बसतात. कॅरल मायर्स-स्कॉटन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ साली आफ्रिकेतल्या बोलण्यावरून ही मांडणी केली. आपल्या कामापुरता तिचा अर्थ सोपा आहे. नामं कुठूनही येतात, पण प्रत्यय आणि क्रियापदाची शेपटी सांगाड्याच्या भाषेची राहते. 'फाईल अपलोड केली' या वाक्यात दोन शब्द इंग्रजी आहेत, तरी वाक्य मराठी आहे, कारण 'केली' मराठी आहे आणि फाईल मराठीत स्त्रीलिंगी झाली आहे. 'नमाजला गेलेत' हे तसंच मराठी वाक्य आहे. 'नमाज'ला आपला 'ला' लागला की तो शब्द वाक्यात बसला.

म्हणून संवाद तपासताना प्रत्येक वाक्याच्या शेपटीवर बोट ठेवा. 'मैं ऑफिसला जाती आहे' असं वाक्य सापडलं तर ते कुणाचंच बोलणं नाही. दोन सांगाडे एकमेकांत अडकलेत. इंग्रजी क्रियापदांबाबत आणखी एक गोष्ट बघा. अंजुम 'टेस्ट करते', 'मॅनेज करते', 'अप्लाय करते', पण ती 'क्राय करत' नाही. ती रडते. कामावर शिकलेल्या क्रिया कामाच्या भाषेत येतात आणि लहानपणी शिकलेल्या, म्हणजे खाणं, रडणं, भिणं, रुसणं, त्या बहुतेकदा घरच्या भाषेत राहतात. संवाद कृत्रिम वाटत असेल तर आधी ही छोटी क्रियापदं बघा.

इथे कुणी म्हणेल की दखनीत तर मराठीचं 'च' आणि 'नको' शिरलेलं आहे, मग सांगाडे वेगळे कसे? खरं आहे. आपल्या दखनीत 'आजच आया' म्हणतात, 'नक्को' म्हणतात. पण हे उसनं नाही. 'च' आता दखनीचाच आहे. दादी ते मराठी म्हणून बोलत नाही, तिच्या आजीनेही तसंच म्हटलं असणार. याच भागातल्या एका अभ्यासाची इथे मदत होते. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावातल्या भाषांवर १९७१ साली एक निबंध छापला. गावात मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणारे लोक शतकानुशतकं शेजारी राहत होते. त्यांना आढळलं की या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता यायचं. तरीही शब्द वेगळे राहिले होते, कारण प्रत्येक गट घरात आपली भाषा राखून होता, आणि वेगवेगळ्या गटांची माणसं बाहेर भेटली की बहुतेकदा मराठीत बोलायची.

लेखकासाठी यात मोठी सोय आहे आणि मोठा धोकाही. सोय ही, की रशीद दखनीतून मराठीत जाताना अडखळणार नाही. त्याला वाक्य नव्यानं जुळवावं लागत नाही. मोडकं मराठी बोलणारा मिरजेचा कंडक्टर म्हणूनच खोटा आहे. धोका हा, की बदल इतका सहज असल्यामुळे लेखकही तो कुठेही करतो. खऱ्या आयुष्यात मात्र उंबरठा असतो. घरात एक, बाहेर दुसरी.

उंबरठा ओलांडणारे काही शब्द असतातच. आमच्या गोष्टीत 'हक्कसोडपत्र', 'फेरफार', 'सातबारा' हे शब्द कोणत्याही भाषेत बोलताना मराठीच राहतात. रशीद आईला सांगतो, "हक्कसोडपत्र बनाने दिया अम्मा. सोमवार कू रजिस्टर करना पडता." त्याचा उर्दू प्रतिशब्द शोधून रशीदच्या तोंडी घातला की तो मिरजेचा राहत नाही. याच्या उलट, 'इन्शाअल्ला' आणि 'माशाअल्ला' हे शब्द मराठी वाक्यातही येतात, पण कोण किती वेळा म्हणतं तेही ठरलेलं असतं. दादी पुढच्या दिवसाचा उल्लेख आला की दरवेळी म्हणते. रशीद आईसमोर म्हणतो, जाधवमामांशी बोलताना सहसा नाही. अंजुम विमान सुटायच्या वेळी म्हणते. प्रत्येकाच्या प्रत्येक वाक्यात ते आलं तर ती सजावट झाली.

आता तिसरं काम. माझ्या दृष्टीने तक्ता करण्याचं खरं कारण हेच आहे. नेम पक्का असला, की तो मोडल्याचं ऐकणाऱ्याला कळतं. पात्र आपली ठरलेली भाषा सोडतं तेव्हा तिथे काहीतरी घडलेलं असतं. सगळेच सगळं मिसळत असतील तर भाषा बदलल्याचं कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आमच्या एकांकिकेत असे दोन प्रसंग आहेत. पहिला निबंधक कार्यालयातला. रशीद खिडकीपाशी जातो, अर्ज पुढे करतो. तरुण कारकून अर्जावरचं नाव वाचतो.

कारकून: हां चाचा, क्या काम है?
रशीद: हक्कसोडपत्राच्या नोंदणीला काय काय लागतं, ते विचारायचं होतं.
कारकून: ओळख के लिये दो लोग लगते, चाचा.
रशीद: दोन साक्षीदार आणतो. बाकी कागदपत्रं नियमाप्रमाणे आहेत. काही त्रुटी असेल तर लेखी द्या.

कारकून वाईट माणूस नाही. त्याला वाटतं, आपण समोरच्याची सोय करतोय. म्हणूनच त्याच्या तोंडी एकही टोचणारा शब्द नाही. पण रशीद मराठीत बोलतोय आणि कारकुनाला ते ऐकू जात नाही, कारण त्याने नाव आधी वाचलंय. असं आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत होतं. ते सांगायला भाषण नको, दोन माणसं आपापल्या भाषेवर अडून राहिली की पुरे. आणि रशीदने जाधवमामांशी वापरलेलं मराठी इथे वापरलेलं नाही, हेही बघा. तो 'लेखी द्या' म्हणतो. कागदी मराठी ही त्याची इथली ढाल आहे. ते बोललं की खिडकीच्या दोन्ही बाजू सारख्या उंचीवर येतात, हे त्याला नोकरीनं शिकवलंय.

दुसरा प्रसंग त्याच संध्याकाळी घरात. एका कार्यशाळेतल्या मित्रानं याच प्रसंगाचा जो पहिला खर्डा लिहिला, त्यात अंजुम म्हणत होती, "अब्बा, धिस इज नॉट फेअर यार. फुप्पूचा पण हक आहे ना, आप समझते क्यूं नहीं?" एका दमात तीन सांगाडे. ती बापाला 'यार' म्हणते. तिने घरात कधी न वापरलेलं 'आप' वापरते. इंग्रजी वाक्य पुण्यातल्या मीटिंगमधून उचलून आणलेलं. रागावलेली सुशिक्षित मुलगी म्हटली की हातून हेच लिहिलं जातं. पण राग आला की माणूस सगळ्या भाषा एकदम बोलत नाही. तक्ता समोर ठेवून तो प्रसंग असा झाला:

दादी: रशीद, कागदां पो मुमताज की दस्खत हुई क्या?
रशीद: नै अम्मा. सोमवार कू होती.
अंजुम: अब्बा, फुप्पू कू पुछे क्या तुम?
रशीद: पूछना क्या उसमें? बहनां भाई कू देतेच.
अंजुम: देते नै अब्बा. लिखा को लेते.
(शांतता.)
रशीद: हे बघा. कागदपत्रं नियमाप्रमाणे आहेत. यात तुम्ही बोलण्याचं कारण नाही.
अंजुम: अब्बा, मेरे से मराठी में नक्को बात करो.

पहिल्या पाच वाक्यांत कुणीही भाषा बदलत नाही. अंजुम पुण्यातलं काहीही घरात आणत नाही, ती दादीच्याच भाषेत भांडते. त्यामुळे तिचं म्हणणं बाहेरून आलेलं आहे असं बापाला म्हणता येत नाही. मग रशीद मराठीत जातो. तेही खिडकीपाशी वापरलेल्या मराठीत, आणि मुलीला 'तुम्ही' म्हणत. दिवसभर ज्या भाषेनं त्याने स्वतःचा मान राखला, तीच तो आता मुलीसमोर भिंतीसारखी उभी करतो. हे अंजुमला कळतं. तिला मराठीचा राग नाही, ती मराठीतच शिकली आहे. तिला बाप हवाय, खिडकीपलीकडचा माणूस नकोय. हे सगळं प्रेक्षकाला सांगायला एकही जादा वाक्य लागत नाही. कारण आधीच्या वीस मिनिटांत रशीद घरात एकदाही मराठी बोललेला नाही. एकदाही बोलला असता, सहज, गंमत म्हणून, तरी हे वाक्य पडलं असतं.

म्हणून मोडायची जागा आधी ठरवा आणि तिथपर्यंत नेम सांभाळा. एका पात्राला एका एकांकिकेत एकदा, फार तर दोनदा. त्याहून जास्त वेळा मोडला तर तो नेम राहत नाही.

आता तपासणी. लिहून झालं की प्रत्येक पात्राची वाक्यं वेगळ्या फाईलमध्ये काढा आणि फक्त तीच सलग वाचा. सगळ्यांची वाक्यं एकत्र वाचताना न दिसणाऱ्या गोष्टी तिथे दिसतात. दादी तिसऱ्या पानावर 'दस्खत' म्हणते आणि आठव्या पानावर 'सिग्नेचर', हे तिथेच सापडतं. मग नावं झाकून मधलंच एखादं पान मित्राला द्या. कोण बोलतंय ते त्याला ओळखता आलं नाही, तर ती दोन पात्रं अजून एकच आहेत.

लेखनाचेही नियम ठरवून एका कागदावर लिहून ठेवा. 'मेरेकू' लिहायचं की 'मेरेको', 'नै' की 'नहीं', 'हापीस' कोण म्हणतं आणि 'ऑफिस' कोण. मग फाईलमध्ये एकेक शब्द शोधून बघा. दादीच्या वाक्यात 'नहीं' सापडलं, तर ते दादीचं नाही, तुमच्या मोबाईलच्या कीबोर्डचं आहे. सगळं देवनागरीत लिहा, इंग्रजी शब्दही. नट देवनागरीत 'हापीस' वाचतो तेव्हा तो 'हापीस'च म्हणतो. रोमन अक्षरं दिली की तो इंग्रजी उच्चार करतो.

दखनी न कळणाऱ्या प्रेक्षकाचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. त्यासाठी पात्राला तेच वाक्य पुन्हा मराठीत बोलायला लावू नका. घरात कुणी स्वतःचं भाषांतर करत नाही. अर्थ उत्तरात ठेवा. दादी 'दस्खत हुई क्या' विचारते, रशीद 'सोमवार कू होती' म्हणतो आणि हातातला कागद घडी करून खिशात ठेवतो. 'दस्खत' हा शब्द माहीत नसलेल्यालाही कळलं.

शेवटी या तक्त्याची हद्द सांगतो. हा तक्ता मिरजेचा आहे. तो रत्नागिरीला नेऊ नका, तिथल्या मुसलमान घरांत कोकणी बोलली जाते, आणि दखनी बोलणारी तिथली आजी खोटी ठरेल. मुंबईत, नागपुरात, मराठवाड्यात घरची भाषा वेगळी आणि उंबरठाही वेगळ्या जागी. एवढंच नव्हे, मिरजेतही दोन गल्ल्यांत 'कू' आणि 'को' वेगळं ऐकू येईल. माझी वरची वाक्यंही तुमच्या घरी जशीच्या तशी चालतील असं नाही. म्हणून तक्ता भरायच्या आधी तुमच्या घरात तासभर गप्प बसा. बोलणाऱ्यांची परवानगी असेल तर रेकॉर्ड करा, आणि पहिली दहा मिनिटं सोडून द्या, कारण तेवढा वेळ लोक रेकॉर्डरसाठी बोलतात. मग ऐकताना विषय बाजूला ठेवा. वही काढा आणि फक्त एवढंच टिपा: कोण, कुणाशी, कोणत्या भाषेत, आणि कोणत्या क्षणी ती बदलली. पहिल्याच संध्याकाळी तुम्हाला एक तरी जागा सापडेल जिथे कुणीतरी भाषा बदलली आणि बाकीचे सगळे गप्प झाले. एकांकिका तिथून सुरू करा.

आता वह्या उघडा. तुमच्या घरातली तीन माणसं लिहा. म्हणजे तीन जोड्या, सहा रकाने. पंधरा मिनिटांनी आपण एकेक वाचू.